पोटॅशियम २.६ : लक्षणांपासून बिघाडापर्यंत मागे जाताना

केस अशी आहे. २२ वर्षांची मुलगी. तीन आठवड्यांपासून जिना चढताना मांड्यांत बळ राहत नाही, रात्री पोटऱ्यांत गोळे येतात, ओठांभोवती आणि बोटांच्या टोकांना मुंग्या येतात. उठून उभं राहिलं की डोळ्यांपुढे अंधारी येते. बद्धकोष्ठ आहे. रात्री दोन-तीनदा लघवीला उठावं लागतं आणि तहानही खूप लागते. उलट्या नाहीत, जुलाब नाहीत, कुठलंही औषध चालू नाही, असं ती सांगते. आडवं असताना बीपी १०२/६६, नाडी ९२. उभं राहून दोन मिनिटांनी बीपी ८४/५८, नाडी १२०. श्वास मिनिटाला १० आणि उथळ. गुडघ्याचा रिफ्लेक्स मंद. प्रश्न एवढाच: कुठली यंत्रणा बिघडली आहे?

रिपोर्ट पुढच्या पानावर आहेत, पण ते मी लगेच उघडत नाही. आधी प्रत्येक लक्षणासमोर एकच गोष्ट लिहिते: हे घडायला कुठल्या पेशीने काय करायला हवं? आजाराचं नाव या टप्प्यावर कागदावर येऊ द्यायचं नाही. ‘अशक्तपणा’ वाचून मायस्थेनिया आठवला की पुढची दहा मिनिटं मायस्थेनियाच्या बाजूचे पुरावे गोळा करण्यात जातात आणि बद्धकोष्ठ, मुंग्या, अंधारी हे सगळं ‘किरकोळ’ म्हणून बाजूला पडतं.

अशक्तपणापासून सुरुवात करू. तो दोन्ही बाजूंना आहे, कंबरेजवळच्या मोठ्या स्नायूंत आहे, संवेदना शाबूत आहेत, पापण्या पडत नाहीत, दिवसभरात कमी-जास्त होत नाही. म्हणजे मेंदू, मज्जारज्जू, नस आणि नस-स्नायूंचा सांधा यांच्यावरचा संशय कमी होतो आणि बोट खुद्द स्नायूपेशीकडे जातं. त्यात बद्धकोष्ठाची भर आहे. आतड्याचा स्नायू वेगळ्या जातीचा, त्याची नस वेगळी, त्याचं नियंत्रण वेगळं. मांडीचा स्नायू आणि आतड्याचा स्नायू या दोघांत समान काय? दोघेही ज्या पेशीबाह्य द्रवात बुडालेले असतात तो द्रव. इथे पहिला अंदाज लिहून टाकते: द्रवातला एखादा आयन बिघडला आहे आणि त्यामुळे स्नायूंच्या पडद्याला उत्तेजित होणं जड जातंय. पोटॅशियम कमी असणं हा पहिला उमेदवार.

हे जड का जातं ते एकदा आकड्यांत पाहावं. पेशीच्या आत पोटॅशियम साधारण १४०, बाहेर ४ (सगळे आकडे मिलिमोल प्रति लिटर). नर्न्स्टच्या सूत्रात हे आकडे घातले की समतोल विभव सुमारे −९५ मिलिव्होल्ट येतं. बाहेरचं पोटॅशियम २.६ केलं की तेच −१०६ च्या आसपास जातं. प्रत्यक्षात पडद्याचं विश्रांती विभव या आकड्याला तंतोतंत चिकटून नसतं, पण सरकतं त्याच दिशेने. उंबरठा जागच्या जागी राहिला आणि सुरुवातीची पातळी खाली गेली, की उडी लांबते. स्नायू ढिला पडतो तो त्यामुळे.

आता मुंग्या. इथे बरेच जण ‘त्याच अशक्तपणाचा भाग’ म्हणून पुढे जातात. मुंग्या येणं म्हणजे संवेदी नस कुणी हात न लावता आपोआप पेटतेय. एका बाजूला स्नायू नेहमीपेक्षा कमी उत्तेजित होणारा, दुसऱ्या बाजूला नस नेहमीपेक्षा जास्त. कमी पोटॅशियम या एकाच कारणाने दोन्ही सहज निघत नाहीत. उत्तरात दोन विरुद्ध दिशेच्या गोष्टी दिसल्या की मी दोन्ही ठेवते आणि दोन स्वतंत्र बिघाड गृहीत धरते. दोघांचं मूळ एक आहे का, हे मागाहून पाहता येतं.

नस आपोआप का पेटते? सोडियमच्या वाहिन्यांना बाहेरचं मुक्त कॅल्शियम आवर घालतं. ते कमी झालं की वाहिन्या लवकर उघडतात. मुक्त कॅल्शियम कमी होण्याच्या दोन वाटा आहेत. एक, एकूण कॅल्शियमच कमी. दुसरी, एकूण बरोबर, पण रक्ताचा पीएच वाढल्याने अल्ब्युमिनवरचे हायड्रोजन आयन निघून जातात आणि त्या रिकाम्या जागांवर कॅल्शियम जाऊन बसतं. दुसरी वाट खरी असेल तर पीएच वाढला कशामुळे? भीतीने भराभर श्वास घेणाऱ्या माणसालाही अशाच मुंग्या येतात. पण हिचा श्वास मिनिटाला १० आहे. श्वासाने पीएच वाढला असता तर श्वास जलद असता. इथे तो मंद आहे, म्हणजे फुप्फुसं बिघाड करत नाहीत, बिघाडाला उत्तर देत आहेत. एकही रिपोर्ट न उघडता चयापचयी अल्कलोसिस असा शब्द लिहिता येतो, तो श्वासाच्या या एका आकड्यामुळे. केसमध्ये श्वासाची गती दिली असेल तर ती बहुधा सजावटीसाठी दिलेली नसते.

अंधारी सोपी आहे. उभं राहिल्यावर वरचं बीपी १८ ने पडलं आणि नाडी २८ ने वाढली. नाडी अशी उसळते म्हणजे बॅरोरिफ्लेक्स काम करतोय. स्वायत्त नसाच बिघडल्या असत्या तर बीपी पडूनही नाडी जवळपास तिथेच राहिली असती. म्हणून दोष नळ्यांत नाही, नळ्यांतल्या द्रवात आहे. पेशीबाह्य द्रव कमी झालाय. रात्रीच्या लघवीबद्दल मात्र सावध राहते. शरीरात द्रव कमी असताना लघवी घट्ट आणि थोडी व्हायला हवी, इथे ती जास्त आहे. बरेच दिवस पोटॅशियम कमी राहिलं तर संग्राहक नलिकेतली ॲक्वापोरिन-२ ही पाण्याची वाहिनी कमी होते आणि किडनी लघवी घट्ट करू शकत नाही. तहानेचं कारणही तेच. म्हणजे हे लक्षण वेगळं आजारपण सांगत नाही, पण बिघाड कालपरवाचा नाही एवढं नक्की सांगतं.

आता कागदावर चार ओळी आहेत: पोटॅशियम कमी, पीएच चयापचयी कारणाने वाढलेला, द्रव कमी, आणि हे सगळं काही आठवडे चालू. इथे रिपोर्ट उघडायचे.

रक्तात सोडियम १३६, पोटॅशियम २.६, क्लोराइड ८६, बायकार्बोनेट ३८. पीएच ७.५१, कार्बन डायऑक्साइडचा दाब ४९ मिमी. क्रिएटिनीन आणि मॅग्नेशियम ठीक. अनायन गॅप १३६ मधून ८६ आणि ३८ वजा केले की १२, म्हणजे न मोजलेलं कुठलं जादा आम्ल दडलेलं नाही. श्वासाचं उत्तर पुरेसं आहे का तेही पाहून घेते. बायकार्बोनेट २४ च्या वर जेवढं गेलं त्याच्या ०.७ पट दाब ४० च्या वर जायला हवा. १४ गुणिले ०.७ म्हणजे जवळपास १०, अपेक्षित दाब ५०, मिळालेला ४९. जुळलं. हाच दाब ४० असता तर ‘श्वास नॉर्मल’ असं कुणी लिहिलं असतं आणि ते चुकलं असतं. अशा वेळी ४० म्हणजे गरजेपेक्षा जास्त श्वास, आणि त्याचं वेगळं कारण शोधावं लागलं असतं.

इथपर्यंत बहुतेक सगळे पोचतात. खरी फाटाफूट पुढच्या प्रश्नावर होते: पोटॅशियम गेलं कुठून?

सवयीचं उत्तर म्हणजे पोटातून किंवा आतड्यातून. ते पटवून घेण्याआधी एक हिशेब करावा. रक्तातलं पोटॅशियम १ ने उतरलं तर शरीरातून साधारण २०० ते ३०० मिलिमोल गेलेलं असतं. ४ वरून २.६ म्हणजे ३०० च्या आसपास तूट. जठररसात पोटॅशियम लिटरमागे १० च्या आसपास. तेवढी तूट निव्वळ उलटीतून भरायची तर ३० लिटर उलट्या व्हायला हव्यात. पोटातून काही गेलं असेलही, पण पोटॅशियम मुख्यतः तिथून गेलं नाही. हा हिशेब न करता ‘उलटीतून पोटॅशियम जातं’ असं लिहिणं ही या विषयातली सर्रास दिसणारी चूक आहे, आणि उत्तराचा शेवट बरोबर आला तरी मधली यंत्रणा चुकीची राहते.

लघवीचा रिपोर्ट पाहू. सोडियम ५२, पोटॅशियम ४८, क्लोराइड ७, पीएच ७.८. रक्तात २.६ असताना निरोगी किडनी लघवीतलं पोटॅशियम २० च्या खाली आणते. इथे ४८ आहे. तेव्हा गळती किडनीतून आहे. (पातळ लघवीत नुसता आकडा फसवतो, म्हणून तो क्रिएटिनीनच्या प्रमाणात पाहणं जास्त भरवशाचं. इथे आकडा इतका मोठा आहे की निष्कर्ष बदलत नाही.)

किडनी पोटॅशियम कधी वाया घालवते, याचं उत्तर एका पेशीत आहे. संग्राहक नलिकेतली प्रमुख पेशी नलिकेतून सोडियम आत घेते, त्यामुळे नलिकेत ऋण विभव तयार होतं आणि त्याच्या ओढीने पोटॅशियम बाहेर पडतं. हे जोरात चालायला दोन गोष्टी लागतात: अल्डोस्टेरॉन, आणि वरच्या अंगाकडून या पेशीपर्यंत पोचणारं सोडियम. निसर्गाची सोय अशी, की या दोन गोष्टी एरवी एकत्र वाढत नाहीत. द्रव कमी झाला की अल्डोस्टेरॉन वाढतं, पण वरच्या भागात सोडियम जास्त शोषलं जातं आणि खाली थोडंच पोचतं. द्रव जास्त झाला की खाली सोडियम भरपूर पोचतं, पण अल्डोस्टेरॉन उतरलेलं असतं. पोटॅशियम दोन्ही वेळा सांभाळलं जातं.

म्हणजे गळती होत असेल तर ही सोय कुणीतरी मोडलेली असणार. ती तीन प्रकारे मोडते. पहिला प्रकार, अल्डोस्टेरॉन किंवा त्याचं काम करणारं काहीतरी स्वतःच्या मर्जीने वाढलंय. मग द्रव साठतो आणि बीपी चढतं. दुसरा, वरच्या भागातला सोडियम-क्लोराइडचा पंप कुणीतरी बंद पाडलाय, औषधाने किंवा जन्मजात दोषाने. सोडियम आणि क्लोराइड दोन्ही खाली येतात, द्रव कमी होतो, अल्डोस्टेरॉन त्यापाठोपाठ वाढतं. तिसरा, नलिकेत असा ऋण आयन आलाय जो परत शोषला जात नाही, आणि विद्युत समतोलासाठी तो सोडियमला बरोबर खाली ओढून आणतो. बीपी १०२/६६ आणि उभं राहिल्यावर ८४. पहिला प्रकार बाद. उरले दोन.

या दोघांत निवड करताना लघवीतलं सोडियम पाहिलं की फसगत होते. ५२ हा आकडा ‘किडनी सोडियम धरून ठेवत नाहीये’ असं सांगतो, आणि त्यावरून उडी थेट लघवी वाढवणाऱ्या औषधावर जाते. द्रव कमी असताना सोडियम ५२ का, हा प्रश्न योग्य आहे, पण त्याचं उत्तर शेजारच्या ओळीत आहे. क्लोराइड ७. औषधाने पंप बंद पाडला असता तर सोडियमबरोबर क्लोराइडही आलं असतं, कारण तो पंप दोघांना एकत्रच उचलतो. इथे क्लोराइडचा कण न कण किडनी धरून ठेवतेय. द्रव कमी आहे याची खात्री क्लोराइड देतं, सोडियम देत नाही.

मग सोडियमबरोबर कोण आलं? बेरीज करायची. सोडियम आणि पोटॅशियम मिळून १०० धन भार. क्लोराइड ७. उरलेल्या ९३ ऋण भारांचा मालक रिपोर्टवर छापलेला नाही. पण पीएच ७.८ आहे. एवढ्या अल्कधर्मी लघवीत बायकार्बोनेट भरपूर असतं. लघवीतला कार्बन डायऑक्साइडचा दाब ६० च्या आसपास धरून हेंडरसन-हॅसलबाख समीकरणात घातला तर उत्तर ९० च्या जवळ येतं. म्हणजे छापलेला नसलेला आयन बायकार्बोनेटच आहे. तिसरा प्रकार.

हा हिशेब मला या केसमधला सगळ्यात देखणा भाग वाटतो, कारण तो वेळही सांगतो. किडनी लघवीत बायकार्बोनेट केव्हा सोडते? रक्तातलं बायकार्बोनेट नुकतंच एकदम वाढलं आणि गाळून आलेला माल नलिकेला आवरेनासा झाला तेव्हा. एक-दोन दिवस नवी भर पडली नाही की किडनी उरलेलं सगळं परत शोषून घेते. मग लघवीत सोडियमही २० च्या खाली येतं, क्लोराइड तसंच तळाला राहतं, आणि रक्त अल्कधर्मी असूनही लघवी आम्लधर्मी होते. या लघवीत तसं झालेलं नाही. म्हणजे ज्याने बायकार्बोनेट वाढवलं ती घटना फार तर कालची आहे, कदाचित आज सकाळची.

ती घटना कुठली? शरीरात बायकार्बोनेट तयार करणारी आणि त्याच वेळी क्लोराइड हिरावून नेणारी जागा शोधायची. जठरातली पॅरायटल पेशी तेच करते. ती एक हायड्रोजन आयन पोटात सोडते तेव्हा एक बायकार्बोनेट रक्तात ढकलते, आणि रक्तातलं क्लोराइड पोटात पाठवते. रोज जेवणानंतर हे होतं, तरी कुणाला अल्कलोसिस होत नाही. कारण ते आम्ल पुढे ग्रहणीत पोचलं की स्वादुपिंड तेवढंच बायकार्बोनेट आतड्यात ओततं आणि हिशेब मिटतो. आम्ल ग्रहणीत पोचलंच नाही, तोंडावाटे बाहेर गेलं, तर व्यवहाराचा दुसरा अर्धा भाग होतच नाही. रक्तात बायकार्बोनेट उरतं. उलटी, किंवा जठरात घातलेल्या नळीतून रस ओढून काढणं. नळी हिला नाही.

पण पेशंट तर उलट्या नाहीत म्हणते. इथे दोन टोकांच्या चुका होतात. एक, ‘इतिहासात नाही’ म्हणून यंत्रणाच बदलायची. दुसरी, ‘ती खोटं बोलतेय’ म्हणून पुढे तपासणंच थांबवायचं. मागे जाऊन यंत्रणा सापडली की तिच्यावरून पुढे जात जे दिसायला हवं ते शोधणं हा मधला रस्ता. वारंवार आम्ल तोंडात येत असेल तर वरच्या दातांची टाळूकडची बाजू झिजलेली असेल, कारण आम्ल तिथे लागतं. गालांमागच्या पॅरोटिड ग्रंथी न दुखता सुजलेल्या असतील. स्वतः बोटं घालून उलटी काढत असेल तर हाताच्या बोटांच्या मागच्या सांध्यांवर दातांनी झालेले घट्टे असू शकतील. रक्तातलं अमायलेज लाळग्रंथींमुळे वाढलेलं असेल आणि लायपेज ठीक असेल. हे सगळं नसलं तरी यंत्रणा खोटी ठरत नाही, असलं तर प्रश्न मिटतो. त्यानंतर तिच्याशी एकटीशी, घरच्यांना बाहेर बसवून, आरोप न करता बोलायचं: ‘जेवल्यानंतर कधी पोट रिकामं करावंसं वाटतं का?’ ‘उलटी होते का?’ या प्रश्नाला ‘नाही’ हे उत्तर तिच्या दृष्टीने खरंही असू शकतं, कारण ती होत नाही, काढली जाते.

अजून एक गाठ राहिली आहे. निरोगी किडनी रोज खूप मोठ्या प्रमाणात बायकार्बोनेट बाहेर टाकू शकते. तोंडाने खाण्याचा सोडा घेतलेल्या निरोगी माणसाचं रक्त फार काळ अल्कधर्मी राहत नाही. मग हिची किडनी ३८ पर्यंत का जाऊ देते? बिघाड कशामुळे सुरू झाला आणि तो टिकून का राहिला, हे दोन वेगळे प्रश्न आहेत, आणि पेपरात बहुधा दुसऱ्याचेच गुण जातात. टिकून राहण्याचं मोठं कारण क्लोराइडची तूट. संग्राहक नलिकेतल्या बी-प्रकारच्या इंटरकॅलेटेड पेशीत पेंड्रिन नावाचं प्रथिन असतं. ते नलिकेतलं एक क्लोराइड आत घेतं तेव्हाच एक बायकार्बोनेट बाहेर टाकू शकतं. नलिकेत क्लोराइड ७ असताना बदल्यात द्यायला काही नाही, म्हणून दार बंद. जोडीला द्रव कमी म्हणून गाळणं कमी, वाढलेलं अल्डोस्टेरॉन हायड्रोजन बाहेर टाकायला लावतं, आणि कमी पोटॅशियममुळे वरच्या नलिकेत बायकार्बोनेट जास्त शोषलं जातं. उलटी मधूनमधून भर घालते, किडनीला पुरता निचरा करता येत नाही.

आता संपूर्ण साखळी उलगडून पुढच्या दिशेने चालवून पाहते. मागे जाताना सापडलेलं उत्तर पुढे चालवल्यावर प्रत्येक आकडा परत मिळायला हवा. आम्ल आणि क्लोराइड तोंडावाटे गेलं, बायकार्बोनेट वाढलं, द्रव घटला, त्यामुळे रेनिन आणि अल्डोस्टेरॉन वाढलं. प्रत्येक उलटीनंतर जादा बायकार्बोनेट सोडियमला घेऊन खाली आलं, तिथे अल्डोस्टेरॉन आधीच तयार होतं, म्हणून पोटॅशियम लघवीत गेलं. पोटॅशियम उतरल्याने स्नायू आणि आतडं ढिलं, लघवी पातळ. पीएच वाढल्याने मुंग्या आणि श्वास मंद. अशक्तपणा आणि मुंग्या ज्या विरुद्ध दिशांमुळे वेगळ्या ठेवल्या होत्या, त्यांची मुळं इथे एकत्र येतात. एकही आकडा उरत नाही. एखादा उरला असता, समजा अनायन गॅप २४ असता, तर तो गिळायचा नाही. अशा अल्कलोसिसखाली उपासमारीचं किटोॲसिडोसिस किंवा लॅक्टिक ॲसिडोसिस लपलेलं असू शकतं आणि पीएच त्याला झाकून ठेवतो.

पुढे हीच केस एकेक आकडा बदलून पाहणं मला नवी केस घेण्यापेक्षा जास्त उपयोगाचं वाटतं. बाकी सगळं तसंच ठेवून लघवीतलं क्लोराइड ७ चं ७५ आणि लघवीचा पीएच ७.८ चा ६ करा. आता दुसरा प्रकार: वरचा पंप बंद आहे. लघवी वाढवणारं औषध चोरून घेणं, किंवा गिटेलमन अथवा बार्टर सिंड्रोम हे जन्मजात दोष. लघवीतलं कॅल्शियम इथे मदत करतं: थायाझाइड जिथे काम करतं त्या जागेचा दोष असेल तर ते कमी, हेन्लेच्या वळणाचा असेल तर जास्त. औषध आणि जन्मजात दोष यांतला फरक एका नमुन्यात दिसेलच असं नाही. जन्मजात दोषात क्लोराइड रोज वरच असतं, औषधात गोळीचा अंमल उतरला की खाली येतं. त्या उतरलेल्या वेळचा नमुना उलटीच्या केससारखा दिसतो, पण तेव्हा सोडियमही क्लोराइडबरोबर खाली गेलेलं असतं आणि पीएच ७.८ नसतो.

किंवा क्लोराइड ७५ आणि बीपी १६८/१०४ करा. पहिला प्रकार. आता रेनिन आणि अल्डोस्टेरॉन दोन्ही मागवायचे: रेनिन दबलेलं आणि अल्डोस्टेरॉन जास्त असेल तर ॲड्रिनल ग्रंथी स्वतःच्या मर्जीने चालतेय, दोन्ही जास्त असतील तर किडनीची रोहिणी आकसलेली आहे का पाहायचं, दोन्ही दबलेले असतील तर अल्डोस्टेरॉनचं काम दुसरंच कुणीतरी करतंय, ज्येष्ठमधही त्यात येतं.

या सगळ्याला एक व्यावहारिक अट आहे, आणि ती मोडली तर वरचा सुंदर हिशेब पाण्यात जातो. लघवीचा नमुना सलाइन लावण्याआधी घ्यायचा. दोन बाटल्या सोडियम क्लोराइड शरीरात गेल्यावर लघवीतलं क्लोराइड वाढणारच, आणि मग उलटीची केस गिटेलमनसारखी दिसू लागते. नमुना ताजा आणि झाकलेला हवा. उघड्या भांड्यात तासन् तास राहिला तर कार्बन डायऑक्साइड उडून पीएच वर चढतो. केसमध्ये नमुना कधी घेतला हे लिहिलेलं नसेल तर उत्तरात ‘सलाइनपूर्वीचा नमुना गृहीत धरून’ असं मी स्पष्ट लिहिते.

उपचार हा या उत्तराचा शेवटचा पुरावा. यंत्रणा बरोबर असेल तर सलाइन आणि पोटॅशियम क्लोराइड दिल्यावर द्रव भरतो, अल्डोस्टेरॉन उतरतं, नलिकेत क्लोराइड पोचतं, पेंड्रिनला बदल्यात घ्यायला काहीतरी मिळतं. मग लघवीतलं क्लोराइड वर जातं, लघवी अल्कधर्मी राहून साठलेलं बायकार्बोनेट बाहेर पडू लागतं आणि रक्तातला ३८ चा आकडा उतरतो. पोटॅशियम सायट्रेट दिलं तर तसं होणार नाही, कारण सायट्रेटचं यकृतात बायकार्बोनेटच होतं आणि क्लोराइडची तूट तशीच राहते. पोटॅशियम क्लोराइड देऊन द्रव पुरता भरल्यावरही बायकार्बोनेट हललं नाही आणि बीपी मात्र चढू लागलं, तर तीन प्रकारांच्या फाट्यावर परत यायचं आणि बाद केलेला पहिला प्रकार पुन्हा उघडायचा.